‘गोइंग कन्सर्न’ म्हणजे ‘चालू चिंता’ नव्हे

*प्रश्न: ‘गोइंग कन्सर्न’ला मराठीत काय म्हणायचं? एका ठिकाणी ‘चालू चिंता’ असं भाषांतर दिसलं. माझ्याकडे एका अमेरिकी कंपनीचा वार्षिक अहवाल आहे. त्यात एका टिपेत ‘सब्स्टान्शिअल डाउट’ आहे आणि शेवटच्या ‘सब्सिक्वेंट इव्हेंट्स’ टिपेत कर्जाला मुदतवाढ मिळाल्याचं, शेअर विकून पैसे आल्याचं लिहिलंय. मी जपून पैसे गुंतवणारा माणूस. नंतर पैसे आले म्हणजे शंका मिटली, असं समजायचं का?*

नाही, तसं समजू नका. का ते सांगतो, पण आधी शब्द.

‘चालू चिंता’ साफ चूक आहे. इथला ‘कन्सर्न’ म्हणजे काळजी नव्हे, तर धंदा, पेढी. आपल्या ‘उद्योग’ शब्दाचं असंच आहे. ‘उद्योग उभारला’ आणि ‘नसते उद्योग केले’ यांतले उद्योग वेगळे, आणि मराठी न जाणणारा त्यांची गल्लत करणारच. ‘गोइंग कन्सर्न’साठी मला ‘चालता धंदा’ हा शब्द योग्य वाटतो. ‘चालता धंदा विकला’ असं आपण म्हणतोच, आणि त्यात माणसं, गिऱ्हाइकं, यंत्रं सगळं जागेवर असलेला धंदा अभिप्रेत असतो. ‘चालू संस्था’ असंही लिहिलेलं दिसतं, पण ते मी टाळतो. हिशेबात ‘चालू’ शब्द आधीच गुंतलेला आहे. ‘चालू देणी’ म्हणजे वर्षभरात फेडायची देणी, आणि तुमच्या अहवालात नेमक्या याच देण्यांचा प्रश्न आहे. एकाच पानावर दोन ‘चालू’ नकोत.

धंदा चालता आहे असं धरण्यावर ताळेबंदातले आकडे उभे असतात. समजा, एक यंत्र पुस्तकात ४० लाख डॉलरला आहे. ते अजून ८ वर्षं माल काढणार, या हिशेबाने तो आकडा बरोबर आहे. उद्या कुलूप लागलं तर तेच यंत्र भंगारात ६ लाखांना जाईल. ‘सब्स्टान्शिअल डाउट’ लिहिलं म्हणून कंपनी लगेच ६ लाख दाखवू लागत नाही. धंदा गुंडाळून मालमत्ता विकायची वेळ अगदी उंबरठ्यावर येईपर्यंत पुस्तकं चालत्या धंद्याच्या हिशेबानेच लिहिली जातात. म्हणजे शंकेची टीप आणि ४० लाखांचं यंत्र एकाच अहवालात शेजारी शेजारी नांदतात, हे लक्षात ठेवा.

आता ‘डाउट’. मराठीत ‘मला शंका आहे’ हे आपण फार सहज म्हणतो. पाऊस पडेल का याचीसुद्धा शंका असते. अमेरिकी हिशेबनियमात मात्र या शब्दांना मोजून दिलेला अर्थ आहे. अहवाल प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून एका वर्षात कंपनी आपली देणी वेळेवर फेडू शकणार नाही, हे ‘संभाव्य’ असेल तरच हे शब्द वापरायचे. आणि हा ‘संभाव्य’ म्हणजे ‘घडूही शकेल’ नव्हे, तर ‘घडण्याचीच चिन्हं आहेत’. म्हणून ‘धंदा चालू राहण्याबद्दल गंभीर शंका’ असं लिहावं, नुसती ‘शंका’ नको. युरोपातल्या किंवा इतर आंतरराष्ट्रीय मानकांवर चालणाऱ्या अहवालात याच जागी ‘मटीरिअल अनसर्टनटी’, म्हणजे ‘महत्त्वाची अनिश्चितता’, असे शब्द येतात. तिथे किमान १२ महिने पाहायचे असतात आणि ते ताळेबंदाच्या तारखेपासून मोजतात. अमेरिकेत कंपनी प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजते. हा फरक बारीक दिसतो, पण पुढे तोच कामाला येईल.

‘सब्सिक्वेंट इव्हेंट्स’चं ‘नंतरच्या घटना’ हे भाषांतर बरोबर आहे, पण अर्धवट. कशानंतरच्या? ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या, आणि अहवाल बाहेर पडण्याआधीच्या. म्हणून ‘ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटना’ असं पूर्ण लिहावं. त्यात दोन जाती आहेत. समजा, ताळेबंद ३१ डिसेंबरचा आहे. मोठा ग्राहक फेब्रुवारीत बुडाला आणि तो डिसेंबरातच डबघाईला आलेला होता, तर डिसेंबरची येणी फुगलेली होती असं ठरतं. मग डिसेंबरचाच आकडा दुरुस्त करतात. गोदामाला जानेवारीत आग लागली, तर ३१ डिसेंबरला गोदाम शाबूत होतं. मग आकड्याला हात न लावता फक्त टीप देतात. मी पहिल्या जातीला ‘आकडे बदलणाऱ्या’ आणि दुसऱ्या जातीला ‘फक्त सांगायच्या’ म्हणतो. तुमची मुदतवाढ आणि शेअरविक्री दोन्ही दुसऱ्या जातीतल्या. म्हणजे ते पैसे ताळेबंदातल्या रोख शिल्लकीत नाहीत. आणि टिपेत ते आलेले दिसतात, म्हणून ताळेबंदातल्या शिल्लकीत नुसते मिळवूनही चालत नाही, कारण मधल्या काळात खर्च झालेलाच असतो.

तुमच्या अहवालाचे आकडे तुम्ही दिलेले नाहीत, म्हणून त्याच बेताचे आकडे मी मनाने घेतो. ३१ डिसेंबर २०२४ ला रोख ९० लाख डॉलर. दरमहा १२ लाख खर्ची पडतात. २ कोटींचं कर्ज ३० सप्टेंबर २०२५ ला फेडायचं. अहवाल १५ मार्च २०२५ ला निघाला. शेवटच्या टिपेत लिहिलंय की फेब्रुवारीत शेअर विकून खर्चवजा ६० लाख आले, कर्जाची मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली, आणि त्या बदल्यात कंपनीने सतत किमान ३६ लाख रोख शिल्लक ठेवायचं कबूल केलं.

वाचणाऱ्याला हायसं वाटतं. आता हिशेब करू. ३१ डिसेंबर ते १५ मार्च अडीच महिने, म्हणजे ३० लाख खर्च. ९० मधून ३० गेले, ६० आले, हाती १ कोटी २० लाख. दरमहा १२ लाखांनी हे १० महिने पुरतील, म्हणजे २०२६ च्या जानेवारीच्या मध्यापर्यंत. पण ३६ लाखांना हात लावायची मुभा नाही. म्हणून खर्चायला खरे ८४ लाखच, म्हणजे ७ महिने. ऑक्टोबरच्या मध्याला अट मोडते, आणि अट मोडली की कर्ज देणारा सगळे २ कोटी एकदम मागू शकतो. समजा, त्याने तेव्हा सूट दिली, तरी जानेवारी अखेर कर्ज येऊन ठेपतंच, आणि तोवर गल्ला रिकामा झालेला असतो. कंपनीने पाहायचं वर्ष १५ मार्च २०२६ ला संपतं. मुदतवाढ मिळूनही कर्ज त्या वर्षाच्या आतच पडतं. म्हणून शंका टिपेत तशीच राहिली, आणि तसं लिहिण्यात कंपनीने लबाडी केली नाही, उलट खरं सांगितलं.

इथे एक फसगत होते, ती नीट पाहा. अमेरिकी नियमात अहवाल निघण्याआधी अशी पक्की मुदतवाढ झाली असेल, तर ते कर्ज ताळेबंदात चालू देण्यांऐवजी दीर्घ मुदतीच्या देण्यांत दाखवता येऊ शकतं, कारण ३१ जानेवारी २०२६ ही तारीख ताळेबंदापासून वर्षाच्या पलीकडे आहे. आंतरराष्ट्रीय मानकांत ही सवलत नाही. तिथे ताळेबंदाच्या दिवशी कंपनीच्या हाती काय हक्क होता, तेच बघतात. त्यामुळे अमेरिकी ताळेबंदात चालू देणी हलकी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका. कर्जाच्या टिपेतली परतफेडीची तारीख शोधा आणि अहवालाच्या तारखेशी ताडून पाहा.

मग शंका मिटते कधी? कंपनी आपल्या योजना मांडते. त्या योजना शंकेविरुद्ध जमेस धरायच्या, तर त्या अमलात येतील आणि उपयोगी पडतील, या दोन्ही गोष्टी संभाव्य असाव्या लागतात. साधारणपणे अहवाल निघण्याआधी त्यांना योग्य त्या अधिकाऱ्यांची मंजुरीही लागते. म्हणून टिपेतली क्रियापदं वाचा. ‘एक्स्प्लोअरिंग’ म्हणजे चाचपडणं, ‘इंटेंड्स’ म्हणजे मनात असणं. खर्चकपात कंपनीच्या हातात असते, पण शेअर कोणी घ्यायचे हे बाजाराच्या हातात असतं. सही झालेला करार आणि ‘बोलणी सुरू आहेत’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. योजना पुरेशा ठरल्या तर ‘अलीव्हिएटेड’ हा शब्द येतो. त्याला मी ‘शंका निवळली’ म्हणतो. गढूळ पाणी निवळतं, पण गाळ तळाशी असतो, म्हणून हा शब्द इथे चपखल बसतो. आणि शंका निवळल्यावर टिपेत ‘सब्स्टान्शिअल डाउट’ हे शब्द असलेच पाहिजेत, असंही नाही. `substantial doubt` शोधून काही सापडलं नाही तर `liquidity` शोधा आणि तो भाग पूर्ण वाचा.

लेखापरीक्षकाच्या अहवालातला ‘अनक्वालिफाइड ओपिनियन’ही असाच चकवतो. अर्थ ‘बिनशर्त मत’. हे मत आकडे आणि टिपा नियमांप्रमाणे आहेत, एवढ्यापुरतंच असतं. कंपनीने शंका नीट उघड केली असेल तर मत बिनशर्त राहतं आणि शंकेचा वेगळा परिच्छेद जोडला जातो. दोन्ही खरे.

शंका असली म्हणजे कंपनी बुडालीच, असंही नाही. भाड्याने कार्यालयं देणाऱ्या वीवर्कने ऑगस्ट २०२३ मध्ये हे शब्द लिहिले आणि नोव्हेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. एएमसी या चित्रपटगृहांच्या कंपनीने २०२० मध्ये तेच शब्द लिहिले, पण ती टिकली. टिकली ती मुख्यतः नवे शेअर विकून. सुमारे १० कोटी शेअर होते, ते २०२१ अखेर ५० कोटींच्या वर गेले. जुन्या भागधारकाचा वाटा त्या प्रमाणात आक्रसला. तुमच्या टिपेतही किती शेअर, कोणत्या भावाने विकले हे असेल, तो आकडा सोडू नका. उलट बाजूने सिलिकॉन व्हॅली बँकेकडे पाहा. तिच्यावरचा लेखापरीक्षकांचा अहवाल २४ फेब्रुवारी २०२३ चा, त्यात असा परिच्छेद नव्हता, आणि १० मार्चला बँक बंद पडली.

आणखी एक. नंतरच्या घटनांची टीप अहवालाच्या तारखेला थांबते. त्यानंतर काय झालं ते त्या अहवालात कधीच सापडणार नाही. अमेरिकी कंपनी असेल तर `8-K` आणि `10-Q`, परदेशी कंपनी तिथे नोंदलेली असेल तर `6-K` या नावाने पुढची निवेदनं मिळतात. तुमच्या कंपनीबाबत मी त्यांत आधी एकच गोष्ट बघेन: किमान शिल्लकीसारखी अट असेल, तर ती कर्ज देणाऱ्याने मध्ये कधी सैल केली का, आणि केली असल्यास बदल्यात काय घेतलं.