पहिले चार शब्द तयार ठेवा

प्रश्न : कुणी चारचौघांत खोचक बोललं की मी गप्प बसतो आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर झक्कास उत्तर सुचतं. अशी उत्तरं आधीच तयार करून, सराव करून ठेवली तर ऐनवेळी तोंडातून निघतात का?

निघतात, पण पाठ केलेलं आख्खं उत्तर सहसा निघत नाही. पहिले तीन-चार शब्द निघतात आणि बहुतेक वेळा तेवढे पुरतात. मी वर्षभर हा सराव केला आहे, त्यात चुकलेही आहे, म्हणून जरा तपशिलात सांगते.

ऐनवेळी आपलं नेमकं काय होतं ते आधी पाहू. एकाचा प्रश्न संपला की दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो, म्हणजे साधारण २०० मिलिसेकंद. वेगवेगळ्या १० भाषांमधलं रोजचं बोलणं मोजून २००९ साली हे दाखवलं गेलं. आणि समोर चित्र धरलं तर त्यातल्या वस्तूचं नुसतं नाव उच्चारायलाच माणसाला ६०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. या दोन आकड्यांचा मेळ एकाच रीतीने बसतो. समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे जाणार याचा अंदाज बांधतो आणि आपलं उत्तर जुळवायला घेतो. रोजच्या गप्पांत हा अंदाज खरा ठरतो. टोमणा मात्र शेवटच्या दोन शब्दांत फिरतो. जुळवलेलं उत्तर बाद होतं, नवं जुळवायला वेळ नसतो आणि डोकं तर "हा मला असं का म्हणाला?" यातच अडकलेलं असतं. म्हणून तुम्ही गप्प बसता. तुम्हाला बोलता येत नाही असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

फ्रेंच विचारवंत दिदरो यांनी अठराव्या शतकात हे स्वतःवरून लिहून ठेवलं आहे. राजकारणी नेकर यांच्या घरच्या जेवणात लेखक मार्मोंतेल यांनी दिदरो यांना असं काही ऐकवलं की ते निरुत्तर झाले. आपल्यासारखा संवेदनशील माणूस समोरच्याच्या बोलण्यात पुरता बुडतो, गोंधळतो आणि जिन्याच्या तळाशी पोचल्यावरच भानावर येतो, असं ते म्हणतात. फ्रेंचमध्ये अशा उशिरा सुचलेल्या उत्तराला या जिन्याच्या उल्लेखावरून पडलेलं नाव आजही चालतं. आपल्याकडचं वरातीमागून घोडं तेच सांगतं.

आता माझा प्रसंग. एका बैठकीत मी तीन आठवडे खपून केलेलं काम मांडलं. एक वरिष्ठ सहकारी सगळ्यांसमोर म्हणाले, "छान झालंय. कुणी मदत केली तुला?" दोघे-तिघे हसले. मीही हसले आणि म्हणाले, "हो, थोडी झाली." मदत कुणीच केली नव्हती. गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण मी चक्क खोटं बोलून स्वतःचं श्रेय देऊन टाकलं, हे मला सर्वात जास्त लागलं.

रात्री अकराला उत्तर सुचलं : "मदत लागते ती दुसऱ्याच्या कामावर सही ठोकणाऱ्यांना. मी माझं काम स्वतः करते." तेव्हा ते फारच सडेतोड वाटलं. दुसऱ्या दिवशी ते मोठ्याने म्हणून पाहिलं आणि त्यातला दोष कळला. ते लांब होतं. पहिलं वाक्य पूर्ण होईपर्यंत समोरचा गप्प उभा राहील असं त्यात धरलेलं होतं. आणि त्यात एक बिनबुडाचा आरोप होता, जो मला नंतर सिद्ध करावा लागला असता. रात्रीची उत्तरं अशीच असतात, कारण रात्री समोरचा माणूसही आपणच चालवत असतो. तो हवा तिथे थांबतो आणि शेवटी निरुत्तर होतो. म्हणून सुचलेलं उत्तर फेकू नका, पण त्यातलं खरं तेवढं काढून घ्या. माझ्या उत्तरात खरं एवढंच होतं : हे काम मी एकटीने केलं आहे.

सराव कसा केला ते सांगते. आधी दोन महिने लागलेली वाक्यं जशीच्या तशी लिहून ठेवली. "ते मला कमी लेखतात" असं नव्हे, तर कानावर पडले ते शब्द, त्याच क्रमाने. सतरा वाक्यं जमली आणि त्यांचे प्रकार निघाले जेमतेम चार : श्रेयावर शंका, सगळ्यांसमोर तुलना, "गंमत केली गं" म्हणून मारलेला टोमणा आणि माझं बोलणं मध्येच तोडणं. तुमचे प्रकार वेगळे निघतील, पण फार निघणार नाहीत. माणसं ठरावीकच बोलतात.

मग प्रत्येक प्रकाराला एकच सुरुवात ठरवली. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली ज्या जर-तर योजनांबद्दल लिहिलं, त्याच तत्त्वावर. "मी ठामपणे बोलेन" असा निश्चय ऐनवेळी उपयोगी पडत नाही. "श्रेयावर शंका आली, तर मी त्यांचाच शब्द प्रश्न करून परत देईन" हे उपयोगी पडतं, कारण खूण दिसली की कृती आपोआप आठवते, तिथे विचार करावा लागत नाही. मी ठरवलेली सुरुवात होती : "मदत केली म्हणजे?"

हे शब्द मुद्दाम साधे आहेत. समोरच्याचाच शब्द परत दिला की काही जुळवावं लागत नाही, तो कानात ताजा असतो. बोलायची पाळी पुन्हा त्याच्यावर जाते आणि त्याला आपलं म्हणणं उलगडून सांगावं लागतं. ते ऐकताना तुम्हाला दोन-तीन सेकंद मिळतात आणि दुसरं वाक्य त्या वेळात सुचतं. दुसरं वाक्यही मी तयार ठेवलं होतं : "हे मी एकटीने केलंय, तीन आठवडे लागले. कुठला भाग उलगडून सांगू?" एका दमात बोलता येतं, खरं आहे आणि गाडी पुन्हा कामावर येते. ज्याला एका दमापेक्षा जास्त लागतं ते वाक्य मी कापून टाकते.

मनातल्या मनात घोकण्याचा सराव माझ्या कामी आला नाही. जीभ, श्वास आणि आवाज यांनाही सवय लागते. म्हणून धाकट्या बहिणीला बसवलं. चिठ्ठ्यांवर ती सतरा वाक्यं होती. ती मध्येच काहीही वाचायची. पहिल्या दिवशी मला सगळं आलं. दुसऱ्या दिवशी तिने शब्द बदलले, "हे तूच केलंस ना, ताई?" असं अगदी हसून विचारलं, आणि मी पुन्हा गप्प. मी वाक्य पाठ केलं होतं, प्रकार ओळखायला शिकलेच नव्हते. त्यानंतर ती दर वेळी शब्द, आवाज आणि चेहरा बदलू लागली. मी भाजी चिरत असताना, फोन संपवत असताना अचानक विचारायची. बसून केलेल्या वीस फेऱ्यांपेक्षा अशा चार अवचित फेऱ्यांनी जास्त फरक पडला. दिवसाला पाच मिनिटं, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, असं अंतर वाढवत नेलं. एका दिवसात तासभर घोकलेलं आठवड्यात उडून जातं.

सराव बसला आहे हे कसं ओळखावं? आपण जीभ हलवल्यावर मग आपल्या लक्षात येतं की आपण उत्तर दिलं. अजून "आता मी माझं वाक्य म्हणणार" असं मनात येत असेल तर ते कच्चं आहे. तेव्हा आवाज वाचल्यासारखा निघतो आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

यात माझी एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. सराव ताजा असताना एका नव्या सहकारी मुलीने विचारलं, "यात कुणी मदत केली तुम्हाला?" मी तडक, धारदार आवाजात म्हणाले, "मदत केली म्हणजे?" ती कावरीबावरी झाली. तिला स्वतःला तेच काम करायचं होतं आणि कुणाला विचारावं हे जाणून घ्यायचं होतं. मी त्याच दिवशी तिची माफी मागितली. घासूनपुसून ठेवलेली सुरुवात खूण दिसताच सुटते. समोरच्याच्या मनात काय आहे ते ती पाहत नाही. तेव्हापासून मी शब्द तेच ठेवले, पण सरावात आवाज बदलला. खरंच कुतूहल असल्यासारखं, शेवट किंचित वर नेत विचारायचं. निरागस माणूस त्याला सरळ उत्तर देतो. टोमणा मारणारा मात्र अडखळतो. म्हणून पहिलं वाक्य दोन्ही माणसांना चालेल असंच हवं. धार ठेवायचीच असेल तर ती दुसऱ्या वाक्यात ठेवा, कारण तोवर तुम्हाला कळलेलं असतं समोर कोण आहे.

आणखी एक मर्यादा. जो माणूस आरडाओरडा करतोय किंवा ज्याच्या हातात तुमची नोकरी आहे आणि जो त्या क्षणी रागात आहे, त्याच्यासमोर हे करू नका. तिथे शब्दाला शब्द वाढतो. तिथली माझी तयार सुरुवात आहे, "यावर मी उद्या बोलते," आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे, लिहून नेलेल्या मुद्द्यांसह मी खरंच बोलते. उशिरा सुचलेल्या उत्तराला इथे वेळेवरची जागा मिळते, हा त्यातला मोठा फायदा. टोमणा मारणाऱ्यालाही दोन दिवसांनी एकट्यात गाठून "त्या दिवशीचं तुमचं वाक्य मला लागलं" असं सांगता येतं. मी दोनदा सांगितलं आहे. एकाला ते आठवतही नव्हतं.

चार महिन्यांनी त्याच वरिष्ठांनी, तशाच बैठकीत विचारलं, "या वेळी एकटीनेच केलंस वाटतं?" माझ्या तोंडून निघालं, "या वेळी म्हणजे?" ते थांबले, समोरच्या कागदांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही, म्हणजे… मागचंही चांगलं होतं." मी म्हटलं, "ते पण मी एकटीनेच केलं होतं," आणि पुढचा तक्ता उघडला.