चारशे अभिप्रायांचं एक पान

प्रश्न: नाशिकला आमचं दुचाकी सर्व्हिस सेंटर आहे. सर्व्हिसनंतर पाठवतो त्या फॉर्ममध्ये ‘अजून काही सांगायचंय का?’ या रकान्यात चारशे अभिप्राय साचलेत. मालक म्हणतात, एका पानावर सांग काय करायचं ते. कसं करू?

उत्तर:

शब्द शोधून मोजायला लागू नका. शीटमध्ये ‘वेळेवर’ शोधलंत तर ‘गाडी वेळेवर मिळाली’ आणि ‘एकदाही वेळेवर मिळाली नाही’ हे दोन्ही एकाच ढिगात पडतं. शिवाय आपल्याकडे कोणी मराठी रोमन लिपीत लिहितं, कोणी हिंदीत. ‘उशीर झाला’, ‘लेट दिली’, ‘उद्या या म्हणाले’ यांचा अर्थ एकच, पण शब्द वेगळे. चारशे अभिप्राय माणसाला वाचून होतात. वाचाच.

मी शहरातल्याच एका दुचाकी सर्व्हिस सेंटरसाठी हे काम केलंय, तेच उदाहरण घेतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेत.

आधी ‘ओके’, ‘छान’, ‘काही नाही’, नुसतं टिंब अशा ४० ओळी बाजूला काढल्या. पुसल्या नाहीत, वेगळ्या मोजल्या. उरले ३६०. त्यांतले साठेक अभिप्राय कुठलेही उचलून वाचले आणि विषयांची यादी केली. ओळीने पहिले साठ घेऊ नका, ते एकाच आठवड्यातले असतात आणि त्या आठवड्यात एखादा मेकॅनिक सुट्टीवर असला की सगळं चित्र वाकडं दिसतं.

विषयाचं नाव तक्रारीसारखं ठेवा. ‘सेवा’, ‘बिल’, ‘स्टाफ’ अशी नावं दिलीत तर शेवटी ‘सेवेबद्दल १५० जण बोलले’ एवढंच हाती येतं, आणि त्यावर मालक काही करू शकत नाही. ‘सांगितलेल्या वेळी गाडी मिळाली नाही’, ‘सांगितल्यापेक्षा बिल जास्त आलं’, ‘फोन कोणी उचलत नाही’, ‘धुलाई नीट नाही’, ‘तेच काम परत करावं लागलं’ अशी नावं हवीत. प्रत्येकाखाली एक ओळ लिहून ठेवा: यात काय धरायचं, काय नाही. ‘महाग आहे’ हे ‘बिल जास्त आलं’मध्ये येत नाही. पहिली तक्रार दराची आहे, दुसरी दिलेला शब्द न पाळल्याची.

आता प्रत्येक विषयाला एक कॉलम. अभिप्रायात तो विषय असेल तर १, नसेल तर रिकामं. एका अभिप्रायात तीन तक्रारी असतील तर तीन कॉलममध्ये १. त्यामुळे टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाऊ शकते, ते बरोबरच आहे, पण पानावर तसं लिहा. नाहीतर कोणीतरी बेरीज करून अख्ख्या कामावर शंका घेतं.

पन्नास अभिप्राय दुसऱ्या कोणालातरी द्या आणि तुमचे १ झाकून त्यांना त्यांचे भरू द्या. जुळवताना पन्नासच्या पन्नास ओळी बघू नका. आमच्याकडे बिलाच्या कॉलममध्ये एकाने ९ ठिकाणी १ लावला होता, दुसऱ्याने १० ठिकाणी, आणि दोघांचे जुळले फक्त ५. तरी रिकाम्या ओळी धरल्या की पन्नासपैकी ४१ जुळलेल्या दिसतात. निदान एकाने तरी १ लावला अशा १४ ओळींत ५ जुळतात, हा खरा आकडा. मग दर आणि शब्द यांतला फरक व्याख्येत लिहिला आणि तो कॉलम पुन्हा भरला.

बेरजा आल्या त्या अशा: वेळ चुकली १०८, बिल जास्त ६३, फोन ५४, धुलाई ४५, परत काम ३६. इथे थांबलं की शिफारस तयारच असते, ‘मेकॅनिक वाढवा’. पण सगळ्यांत मोठ्या बेरजेतले अभिप्राय सलग पुन्हा वाचा, कारण मोठ्या आकड्यात बहुधा दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एकाने लिहिलं होतं: ‘सहाला बोलावलं म्हणून कंपनी सुटल्यावर अंबडहून रिक्षाने आलो, तासभर बसवलं, मग म्हणे पार्ट नाही, उद्या या.’ याला पार्टचा राग नाही. पार्ट नाही हे दुपारीच माहीत असणार आणि कोणी कळवलं नाही, याचा आहे.

म्हणून त्या १०८ चे भाग पाडले. उशीर होणार हे कळवलंच नाही असं ७२ जण म्हणत होते, आधी कळवलं होतं असं २१, आणि १५ मध्ये काही स्पष्ट नव्हतं. फॉर्ममधले स्टार C कॉलममध्ये आणि ‘कळवलं नाही’ F कॉलममध्ये होतं.

```
=AVERAGEIFS(C2:C361,F2:F361,1)
```

न कळवलेल्यांची सरासरी १.९ स्टार, कळवलेल्यांची ३.६. उशीर दोघांनाही झालाय. २१ हा आकडा लहान आहे, त्यामुळे दशांशावर जाऊ नका, पण दिशा कळते.

मग बिलाचे ६३ तसेच वाचले. ४१ जणांचं म्हणणं, जादा काम न विचारता केलं. फोनवाले ५४ जण बहुतेक ‘गाडी झाली का’ एवढंच विचारायला फोन करत होते. तीन वेगळ्या वाटणाऱ्या तक्रारींचं मूळ एकच निघालं: काम चालू असताना अनेक ग्राहकांना एकही फोन जात नाही.

हे तिन्ही आकडे बेरजेने जोडू नका. ७२, ४१ आणि ५४ मिळून १६७ होतात, पण तीच माणसं दोन-दोनदा मोजली जातात. G कॉलममध्ये ‘न विचारता जादा काम’ आणि H मध्ये ‘फोन’ होतं. तीनपैकी निदान एक तक्रार असलेली माणसं मोजायची:

```
=SUMPRODUCT(--((F2:F361+G2:G361+H2:H361)>0))
```

आली १३१, म्हणजे ३६० पैकी ३६ टक्के. याऐवजी #VALUE! आलं तर कुठल्यातरी खान्यात आकड्याऐवजी अक्षर किंवा नुसती स्पेस पडली आहे.

‘परत काम’चे ३६ संख्येने सर्वांत कमी, पण त्यांचे स्टारही सर्वांत कमी होते. ब्रेक दुरुस्त होऊन पुन्हा लागत नाही, हे टक्क्यांत दडवायचं नसतं. ते ३६ जॉब कार्डसकट वर्क्स मॅनेजरकडे त्याच दिवशी दिले. शिफारशीत मात्र घातले नाहीत, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं होतं.

पानावर सगळ्यांत वर शिफारस लिहा, आणि ती कामासारखी लिहा. आमची अशी होती: ‘दुपारी चारच्या आत सर्व्हिस अॅडव्हायजरने कामावर असलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला फोन करून दोन गोष्टी सांगायच्या, गाडी किती वाजता मिळेल आणि बिल किती होईल. जादा काम होकार मिळाल्यावरच.’ खाली पाच विषयांचा तक्ता, १३१ चा आकडा आणि ग्राहकांच्या शब्दांतले तीन अभिप्राय. वाक्यं सुधारू नका, फक्त नाव आणि गाडीचा नंबर काढा.

टक्के लिहिताना ‘अभिप्राय लिहिणाऱ्यांपैकी’ असंच लिहा. ‘आपल्या ३६ टक्के ग्राहकांना’ असं म्हणता येत नाही, कारण खूप चिडलेला आणि खूप खूश झालेला माणूसच जास्त करून लिहितो. बाकीचे गाडी घेऊन निघून जातात. फोन सुरू झाल्यावर पुढच्या दोन महिन्यांचे अभिप्राय याच व्याख्यांनी भरा आणि F, G, H चा तोच हिशेब पुन्हा काढा. त्या वेळी फॉर्ममधला प्रश्न बदलू नका, नाहीतर फरक फोनमुळे पडला की प्रश्नामुळे, हे सांगता येणार नाही.