आज्याच्या संवादांना दम पुरत नाही

गावच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात आज्याचं काम सत्तरीतले काका करतात. आवाज बारीक, लांब वाक्यात दम लागते. संवाद कसे बदलू?

मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि दमही नेमका तिथंच संपतो. मग मागच्या रांगेला 'विकला' की 'राखला' हेच कळत नाही. म्हणून क्रियापद लवकर येऊ द्या.

समजा, वाक्य असं आहे: 'ज्या बांधीत तुझ्या आज्यानं घाम गाळून धान पिकवलं ती बांधी तू मला न विचारता सावकाराला विकून टाकलीस.' ते असं करा:

'बांधी विकलीस? / सावकाराला? / मले नाही विचारलंस. / घाम गाळला होता रे मी तिथं.'

रेघेपाशी श्वास. आज्या स्वतःच बोलतोय, तेव्हा 'तुझ्या आज्यानं' कशाला? रेघ अर्थ पुरा होतो तिथंच मारा. 'घाम' आणि 'गाळला' यांच्यात नको.

तालमीत मागं बसून डोळे मिटून ऐका. शेवटचं अक्षर विरलं तर वाक्य अजून तोडा. सलग चार-पाच तुकडे झाले की नातवाला मधे 'पण आबा...' म्हणू द्या, काकांना निवांत श्वास मिळतो. मात्र सगळंच तोडू नका. एखादं लांब वाक्य त्यांना पेलत असेल तर राहू द्या, नाहीतर आज्या तारेची भाषा बोलल्यासारखा वाटेल.