कॉम्प्युटर केसच्या पंख्यांचा वेग सारखा वर-खाली होतो, कर्व्ह कसा लावू?

प्रश्न: पुढे दोन, मागे एक पंखा आहे. ब्राउझर उघडला तरी घोंगावतात आणि गेममध्ये ग्राफिक्स कार्ड तापतं. काय करू?

उत्तर: पंखे पुरेसे आहेत, पण ते चुकीच्या तापमानाकडे बघतायत. मदरबोर्ड सहसा केसचे पंखेही सीपीयूच्या तापमानावर चालवतो. ब्राउझर उघडताच सीपीयू क्षणात 15-20 अंश उसळतो आणि पंखे त्याच्यामागे धावतात. केसमधली हवा मात्र तेवढ्यात तापलेलीही नसते.

Fan Control या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केसच्या पंख्यांना ग्राफिक्स कार्डाचं तापमान द्या. मग कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला पंख्याचा किती वेग, हे ठरवा: 50 अंशांपर्यंत 35%, 70 ला 55%, 80 ला 75% इथून सुरुवात करा. सीपीयूवरही जड काम करत असाल तर सीपीयूचा आणि ग्राफिक्स कार्डाचा असे दोन कर्व्ह Mix मध्ये Max ने जोडा, म्हणजे दोन्हींतला जास्त वेग लागू होईल. शिवाय Hysteresis 3-4 अंश ठेवा, म्हणजे बारीक चढउतारांवर वेग हलणार नाही. एखाद्या ठरावीक वेगाला केस गुणगुणत असेल, तर तो टप्पा टाळा.

हवा कमी पडते का, हे बघायला 15 मिनिटं गेम चालवून तापमान टिपा, मग बाजूचं झाकण काढून पुन्हा बघा. 5 अंशांहून जास्त उतरलं तर पुढची जाळी धुळीने तुंबलीय किंवा पुढचं पॅनल बंदिस्त आहे. फरक नसेल तर केसचे पंखे वाढवून फक्त आवाज वाढेल. आणि वरच्या बाजूला, अगदी पुढे, हवा बाहेर फेकणारा पंखा लावू नका. आत आलेली थंड हवा तो कूलरपर्यंत पोचायच्या आधीच पळवतो.