डिझायनरने सावल्या चुकवल्या, रिव्हिजनचे जादा पैसे द्यायचे का?

प्रश्न: मी कोथरूडला घरगुती फराळ करून विकते. फ्रीलान्स डिझायनरकडून फराळाचा डबा वाड्याच्या ओसरीवर ठेवलाय असा फोटो करून घेतला. १२ हजार ठरले, ६ दिलेत. सावल्या जुळतच नाहीत. तो म्हणतो दोन रिव्हिजन संपल्या, आता दर चेंजला दीड हजार. उरलेले पैसे देऊच नको का?

उत्तर: ताई, गप्प बसून पैसे अडवलेत तर पैसे बुडवणाऱ्या तुम्ही ठरता, म्हणून आधी लेखी तक्रार करा. तुमचं मन बदललं, रंग आवडला नाही, ती रिव्हिजन, तिचे तो पैसे मागू शकतो. पण ठरलेलं कामच नीट झालं नसेल तर ती त्याची चूक, आणि ती दुरुस्त करणं दोन रिव्हिजनच्या हिशोबात धरायचं कारण नाही (अर्थात चॅटमध्ये काही वेगळं कबूल केलं नसेल तर). त्यामुळे "फोटो खोटा वाटतो" असं मोघम लिहू नका, ती तुमची आवड झाली, बोट ठेवून दाखवता येईल असं लिहा.

फक्त एक जपा. "खांबाची सावली उजवीकडे, डब्याची डावीकडे" एवढ्यावर चूक ठरत नाही, कारण सूर्य समोर असला की खऱ्या फोटोतही सावल्या पंख्यासारख्या फाकतात आणि डिझायनर तुम्हाला तिथेच पकडेल. प्रिंट काढा, पट्टी घ्या, झाकणाच्या कोपऱ्यापासून सावलीतल्या त्याच कोपऱ्यापर्यंत रेघ ओढून पुढे वाढवा, खांबाचंही तसंच करा, अजून एखाद्या वस्तूचं करा. उजेड एकच असेल तर सगळ्या रेघा एकाच ठिकाणी मिळायला हव्यात (क्वचित समांतरही जातात). डब्याची एकटीच भलतीकडे गेली की झालं, त्याच प्रिंटचा फोटो मेलला जोडा.

मेलमध्ये एवढंच:

"डब्याच्या सावलीची दिशा ओसरीतल्या उजेडाशी जुळत नाही, जोडलेल्या रेघा पाहा. खांबाच्या सावलीची कड धारदार आहे, डब्याची पसरट. डब्याच्या बुडाशी फरशीला टेकल्याची काळी रेघ नाही, त्यामुळे डबा तरंगतो. हा नवीन चेंज नसून कामातला दोष आहे. ७ दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यावे, दुरुस्त फाइल मिळताच उरलेले ६,००० रुपये देईन."

आता तुमची कच्ची बाजू. डब्याचा फोटो तुम्हीच घरी ट्यूबलाइटखाली काढून दिलेला का? आणि "याचा उजेड जुळणार नाही, परत काढा" असं त्याने तेव्हा लिहिलेलं असेल तर दीड हजार देऊन मोकळ्या व्हा, खरंच. तो काहीच बोलला नसेल तर आता तो मुद्दा त्याच्या फारसा कामाचा नाही.

करार कागदावर नाही म्हणून घाबरू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेलंही चालतं. ऐकलंच नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पण धंद्यासाठी घेतलेली सेवा तिथे सहसा चालत नाही, आणि स्वतः राबून पोट भरणाऱ्यांची सूट आताच्या कायद्यात वस्तूंपुरतीच लिहिलेली आहे, म्हणून तुमची तक्रार घेतील का ते आधी विचारून घ्या. ६ हजारांसाठी तारखा घ्यायच्या का, ते तुम्ही ठरवा.

आणि तोवर तो फोटो इन्स्टावर किंवा ऑर्डरच्या मेसेजमध्ये चुकूनही टाकू नका, वापरलात की काम पसंत पडलं असंच तो म्हणणार.