कानपिळीचा फोटो

चिरंजीवास आशीर्वाद.

तुझी कथा वाचली. बहीण दुकानात येते, माझ्या लग्नाच्या अल्बममधून भावाला सगळ्या फोटोंतून काढा म्हणते, रिटचिंगवाला रात्रभर बसतो, सकाळपर्यंत भाऊ गायब आणि ह्याच्या डोळ्यांत पाणी. विषय दमदार आहे. पाण्याचं नंतर बघू. आधी कामाचं बोलतो, कारण मी आयुष्यभर हेच केलं आणि तुझ्या कथेत ते काम कुठंच दिसत नाही. तुझा माणूस एक बटण दाबतो आणि भाऊ निघून जातो. तसं होत नसतं. जिथं तो निघत नाही, तिथंच तुझी गोष्ट आहे.

लग्न पाथरीतलं आणि 2012 चं धरलंस, हे बरं केलंस. तोवर आपल्याकडं करिझ्मा अल्बम आला होता. उघडलं की 12 बाय 36 इंचांचं पान, कोपऱ्यात गुलाब, मागं नवरीचाच चेहरा मोठा करून फिका केलेला. ही पानं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. त्यातलं एक काढून दुसरं बसवता येत नाही. म्हणजे एक फोटो बदलायचा तरी सगळा अल्बम नव्यानं छापायचा. बाईला हे पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. ऐकून ती जरा गप्प होते की लगेच पैसे विचारते, यावरून वाचकाला ती कळेल. आणि जुन्या अल्बमचं काय करणार, हे तुझ्या रिटचरनं एकदा तरी विचारायला हवं. उत्तर नाही दिलं तरी चालेल.

त्याचा दुसरा प्रश्न असणार, ‘ओरिजिनल आहेत का?’ छापलेलं पान स्कॅन करून असलं काम करायचं म्हणजे रडारड. मूळ फोटो फोटोवाल्याच्या हार्ड डिस्कवर असतात, तेही त्यानं त्या लग्नाची डिस्क ठेवली असली तर. मूळ फोटो का लागतात, ते नीट समजून घे. माणूस पुसला की त्याच्या जागी काहीतरी भरावं लागतं. मागचा पडदा, मागच्या बायका, खुर्ची. ते त्या फोटोत नसतंच, त्याच्या अंगाआड गेलेलं असतं. फोटोग्राफर एका विधीचे पाठोपाठ तीन-चार फोटो मारतो आणि अल्बममध्ये एकच जातो. पुढच्या फोटोत भाऊ जरा बाजूला सरकलेला असला, तर त्याच्या मागचं तिथं उघडं पडतं. ते उचलून इथं बसवायचं. म्हणजे भावाला काढायचं तर भावाचेच आणखी फोटो शोधत बसावं लागतं. तुझ्या माणसाची पहिली रात्र यातच जाईल. अल्बममध्ये नसलेला भाऊ त्याला तिथंच भेटेल: जेवणाच्या पंगतीत वाढताना, मांडवाच्या दोऱ्या ओढताना, कुणाच्या तरी पोराला कडेवर घेतलेला. हे सगळं लिहू नकोस. एखादं लिही.

कडेला उभा असलेला भाऊ सोपा. फोटो कापून मोकळं व्हायचं. गर्दीतलाही फार अवघड नसतो. सगळ्यांच्या डोक्याला एकाच रंगाचे फेटे, एक गेला तरी कळत नाही. तिथं क्लोन स्टॅम्प चालतो, म्हणजे शेजारचा तुकडा उचलून इथं उमटवायचा. फक्त मांडवाच्या कापडावर नक्षी असली तर एकच फूल जवळजवळ दोनदा दिसायला लागतं आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथंच अडते. सावल्याही विसरायच्या नाहीत. शूटिंगवाल्याचा हॅलोजन एका बाजूनं असतो, फोटोवाल्याचा फ्लॅश समोरून. त्यामुळं एका माणसाच्या दोन सावल्या पडतात, एक पडद्यावर कडक, दुसरी जमिनीवर लांब आणि पिवळट. नवशिका माणूस काढतो आणि एक सावली ठेवून जातो. संध्याकाळच्या कमी उजेडात काढलेल्या फोटोला बारीक दाणा असतो. भरलेली जागा गुळगुळीत राहिली तर स्क्रीनवर कळत नाही, मोठ्या प्रिंटवर मात्र तेलाचा डाग पडल्यासारखी चमकते. वरून दाणा टाकावा लागतो.

आता अवघड फोटो. तुझ्या कथेत तो नाही आणि तोच हवा होता. कानपिळी.

नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि त्याबद्दल पोशाख घ्यायचा. लग्नातला हा एकच विधी असा की भाऊ नसला तर फोटोच उरत नाही. भाऊ पुसलास की नवरदेव मान वाकडी करून, तोंड वेंगाडून बसलेला, कान वर ओढलेला आणि ओढणारं कुणी नाही. कान दुसऱ्या फोटोतून आणता येतो. त्याच बाजूचा, त्याच उजेडातला, मुंडावळ्यांची लड तशीच लोंबणारी मिळाला तर. पण चेहऱ्यावरची कळ तशीच राहते. मग डोकंच बदलायचं. तेही होतं. पण नवरी हसत वर बघतेय, तिची नजर जिथं जाते तिथं आता मांडवाचं कापड आहे. नजर वळवायला गेलं की माणूस चकणा दिसतो.

धंद्यातला कुणीही शहाणा इथं म्हणेल, ‘ताई, हा फोटो नव्या अल्बममध्ये घेऊच नका.’ तुझ्या रिटचरनंही तसंच म्हणावं. आणि तिनं म्हणावं, ‘नाही दादा, हा पाहिजेच. ह्यात आबा हसायलेत.’

मागं उभा बाप, आता हयात नसलेला. सबंध लग्नात बाकी कुठंच हसला नाही, खर्चाच्या चिंतेत तोंड ओढलेलं. कानपिळीला तेवढा मोकळा हसलाय. आणि कान पिळायला उचललेल्या भावाच्या हाताचं कोपर नेमकं त्याच्या हनुवटीवर आलंय.

इथं सावकाश जा, घाई करू नकोस. कोपर काढलं तर खाली हनुवटी बनवावी लागेल. पुढच्या फोटोत आबा दिसतात, कोपराविना, पूर्ण, पण तोवर तोंड मिटलेलं. ती हनुवटी उचलून इथं लावली तर बसत नाही. माणूस हसला की जबडा खाली येतो, गाल वर चढतात, ओठाखालची कातडी ताणली जाते. वरून हसणारा आणि खालून मिटलेला चेहरा परक्याला चालून जाईल, पण बघणार आहे लेक. आपलं काम बरं झालं की वाईट, हे जोखायला तिच्याहून कडक गिऱ्हाईक नाही. तुझ्या माणसाला वाकवून, ताणून, दोन-चार हनुवट्या करू दे. तिला दाखवू दे. ती प्रत्येक वेळी फोटोकडं बघून म्हणेल, ‘हे आबा नाहीत.’ त्याची चूक काय ते तिला सांगता येणार नाही. त्याला मात्र सांगता येतं, आणि त्यानं ते बोलू नये.

मग उरते ती तडजोड. फोटो आडवा कापायचा, नवरदेव जाऊ द्यायचा, आबा ठेवायचे आणि कोपराची बाही तशीच राहू द्यायची. बाहीचा रंग बदलला की ती कुणाचीही. ‘रंग बदलू का?’ एवढं त्यानं विचारावं. माझं मत विचारशील तर ती रंग बदलू देणार नाही. पण ते तू ठरव, तुझी बाई मला पूर्ण माहीत नाही.

लाजाहोमाचाही एक फोटो घालून ठेव. भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या टाकतो, त्याचा जवळून घेतलेला फोटो प्रत्येक अल्बममध्ये असतो. त्यात चेहरे नसतातच, नुसते हात. हात काढायचे की नाही, हे तिनं यादीत लिहिलंय का? यादी लिहिणारीनं चेहरे मोजलेले असतात. नव्या पानांच्या मागचा फिका मोठा फोटोही असाच नजरेतून सुटतो. आपल्या एका डिझायनरकडं सगळं पुसून झालेल्या पानाच्या पार्श्वभूमीत तोच माणूस फूटभर उंच उभा राहिला होता आणि ते प्रिंट होऊन आल्यावर कळलं.

आता कारण. तू भावानं दारू पिऊन भांडण केलं असं लिहिलंस. ते पुसून टाक. कुणाच्याही भावाचं असतं ते. आपल्याकडं बहीण-भाऊ तुटतात ते बहुतेक जमिनीवरून. कायद्यानं 9 सप्टेंबर 2005 पासून लेक जन्मानंच वडिलोपार्जित जमिनीची वाटेकरी आहे. बाप गेला की वारसांच्या फेरफारानं तिचं नाव सातबाऱ्यावर चढतं. आणि वर्षश्राद्ध होण्याआधी भाऊ हक्कसोडपत्राचे कागद घेऊन येतो. बहिणी सह्या करतात, माहेर राहावं म्हणून. जमीन कालव्याखालची असली किंवा रस्त्यात जाऊन मोबदला येणार असला, तर घाई जास्त. सही केली की दुय्यम निबंधकाकडं नोंद होते, तलाठ्याकडं फेरफार होतो, नाव कमी होतं. सहीनंतरच्या दिवाळीला भावाचा फोन आला नाही, एवढंच कारण तिला पुरे. तिचं नाव सातबाऱ्यावरून गेलं आणि ती त्याला अल्बममधून काढतेय, हे जुळणारं सूत तुला दिसेल. दिसलं तरी बोट दाखवू नकोस. तिच्या पिशवीत अल्बमसोबत सातबाऱ्याचा उतारा असू दे, ती फोटोंची यादी शोधताना काउंटरवर आधी तोच निघू दे. रिटचर ते वाचणारा माणूस नाही. वाचक आहे.

रिटचरच्या डोळ्यांतलं पाणी काढ. असलं काम करणारा माणूस तिसऱ्या दिवशी भावाला भाऊ म्हणून बघत नाही. त्याच्यासाठी तो चौकटीतला पांढरा शर्ट असतो, ज्याच्या मागं काय आहे ते त्याला माहीत नाही. हा कोरडेपणा खरा आहे. बाकीचं काम वाचक करेल. आणि लग्नाची व्हिडिओ कॅसेट किंवा डीव्हीडी तिच्या घरी असणारच. त्यात भाऊ चालतो, बोलतो, पाहुण्यांना पाणी देतो. तिनं त्याबद्दल विचारलं तर रिटचर काय म्हणेल? मी म्हणालो असतो, ‘ते आमच्याकडं होत नाही.’

पुढचा खर्डा पाठवताना बिल लिही. कुठल्या फोटोचे किती लावले, कानपिळीचे लावले की सोडले, आगाऊ किती घेतले आणि नवा अल्बम घ्यायला ती स्वतः आली की नवऱ्याला पाठवलं. हिशोब नीट बसला तर शेवट तिथंच मिळेल असं वाटतं.

तुझा,
काका