डिप्लीशन रीजन मोकळं असतं, पण चार्ज नसलेलं नाही

प्रश्न: डायोडमध्ये पी आणि एन बाजू जिथं भिडतात तिथल्या डिप्लीशन रीजनमध्ये चार्ज नसतो असं शिकवतात, मग तिथं ०.७ व्होल्ट येतात कुठून? आणि त्यामुळं करंट एकाच बाजूनं कसा काय जातो?

गडबड त्या "चार्ज नसतो" मध्येच आहे. तिथं हलणारा चार्ज नसतो, पण जागेवर रुतून बसलेला चार्ज भरपूर असतो आणि ते व्होल्टेज त्याचंच. मी स्वतः कॉलेजात यावर बरेच दिवस अडकलो होतो म्हणून जरा सावकाश सांगतो.

एन बाजूच्या सिलिकॉनमध्ये फॉस्फरस घातलेला असतो, त्याचा पाचवा इलेक्ट्रॉन बाँडमध्ये लागत नाही म्हणून तो सुटून फिरत राहतो आणि मागे फॉस्फरसच्या अणूवर एक प्लस उरतो. पी बाजूला बोरॉन, तिथं उलटं, होल म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा फिरते आणि बोरॉन मायनस होऊन बसतो. पण दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी न्यूट्रल आहेत हे आधी पक्कं धरा, कारण बरेच जण म्हणतात की होल इलेक्ट्रॉनला खेचून घेतात, तसं काही नसतं. सुरुवातीला खेचणारं कुणीच नाही. एकीकडे इलेक्ट्रॉनची दाटी, दुसरीकडे जवळपास शून्य, आणि सगळे उष्णतेमुळं सैरावैरा पळतायत, तर दाटीकडून मोकळ्या बाजूला जास्त जाणारच. यालाच डिफ्यूजन म्हणतात.

आता सीमेजवळचा इलेक्ट्रॉन पलीकडे गेला आणि होलमध्ये जिरला. त्याचा फॉस्फरस मात्र क्रिस्टलमध्ये पक्का बसलाय, तो जाणार कुठं? त्याचा प्लस उघडा पडला. पलीकडे तसाच बोरॉनचा मायनस उघडा पडला. असे थर वाढत गेले की त्यांच्यामध्ये फील्ड तयार होतं आणि ते येणाऱ्या इलेक्ट्रॉनला परत एन कडेच ढकलतं. जेवढे डिफ्यूजननं जातात तेवढेच फील्डमुळं परत येतात अशी वेळ आली की या उघड्या थरांच्या पट्ट्याची, म्हणजेच डिप्लीशन रीजनची, वाढ थांबते.

आकडे घालून बघू. सिलिकॉन, रूम टेम्परेचर, दोन्हीकडे दर घन सेंटीमीटरला 10^16 डोपिंग म्हणजे घातलेले अणू, शुद्ध सिलिकॉनमधले कॅरिअर म्हणजे हलणारे इलेक्ट्रॉन किंवा होल साधारण 10^10 धरले:

```
V = 0.0259 × ln(10^16 × 10^16 / 10^20) ≈ 0.715 V
```

पट्ट्याची रुंदी येते फक्त ०.४३ मायक्रॉन. एवढ्याशा जागेत ०.७ व्होल्ट म्हणजे मधोमध फील्ड सेंटीमीटरला ३३ हजार व्होल्टच्या आसपास जातं, म्हणून तर तिथं मोकळा कॅरिअर टिकत नाही, आला की बाहेर फेकला जातो.

आता एकाच बाजूचं. एन कडून पी कडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला हे ०.७ व्होल्ट म्हणजे एक चढच. बॅटरीचा प्लस पी ला लावला की हा चढ कमी होतो. इलेक्ट्रॉनची एनर्जी सगळ्यांची सारखी नसते, जेवढं वर बघाल तेवढे झपाट्यानं कमी होत जातात, त्यामुळं चढ नुसता ६० मिलिव्होल्टनं उतरवला तरी ओलांडू शकणारे साधारण दहापट होतात. फॉरवर्डमध्ये करंट असा एकदम उसळतो तो यामुळं. ०.७ ला काही स्विच उघडत नाही, सिलिकॉन डायोडमध्ये तिथपर्यंत करंट मिलिअँपिअरमध्ये पोचतो इतकंच.

उलटं लावलं तर चढ वाढतो. ५ व्होल्ट रिव्हर्सला वरच्या हिशोबातला पट्टा १.२ मायक्रॉन होतो आणि एन कडून चढून जाणं बंदच पडतं. उरतात ते पी मधले थोडेसे इलेक्ट्रॉन आणि पट्ट्यातच उष्णतेनं सुटणाऱ्या जोड्या, त्यांना तर हा उतारच आहे, ते घसरतात. पण ते किती असणार हे तापमान ठरवतं, उताराची उंची नाही. धबधबा आणखी उंच केला म्हणून वरून येणारं पाणी वाढतं का? म्हणून रिव्हर्स करंट अगदी बारीक राहतो, व्होल्टेजनं फारसा वाढत नाही, पण डायोड १० डिग्री तापला की जवळपास दुप्पट होतो. ब्रेकडाउनपर्यंत हे चालतं, त्यानंतर फील्डच इतकं तीव्र होतं की गणित बदलतं.

एक शंका तुम्हाला पुढं येईलच: मग सुट्या डायोडला मल्टीमीटर लावला तर ते ०.७ दिसत का नाहीत? कारण धातूच्या तारा जिथं सिलिकॉनला जोडल्यात तिथंही असेच छोटे चढउतार असतात आणि पूर्ण फेरी मारली की बेरीज शून्य होते. अंधारात, एकाच तापमानाला. काचेच्या बॉडीचा डायोड उजेडात धरलात तर थोडं काहीतरी दिसू शकतं, कारण उजेडानं नवीन जोड्या सुटतात आणि तेच फील्ड त्यांना दोन बाजूंना वेगळं करतं. सोलर सेल चालतो तो असाच.